स्वयंपाकघराचं सरकतं बार्न डोअर: एक पावसाळा काढल्यानंतर

आमच्या पुण्यातल्या फ्लॅटमध्ये स्वयंपाकघराचं दार उघडलं की ते फ्रिजपुढे यायचं. ते काढून मार्चमध्ये भिंतीवरून सरकणारं बार्न डोअर बसवलं. ट्रॅक, हँगर आणि स्टॉपरचं किट तयार आणलं, बाकी काम आमच्या नेहमीच्या सुतारदादांनी आणि मी मिळून केलं. पावसाळा आणि दिवाळीचा फराळ दोन्ही पार पडलेत, तेव्हा आता सविस्तर लिहितो.

चौकटीच्या आतलं माप ९०० मिमी. दार १०५० मिमी रुंदीचं घेतलं, म्हणजे दोन्ही बाजूंना ७५ मिमी झाकलं जातं. ट्रॅक दोन मीटरचा. फळ्या जोडून केलेलं दार दिसायला सुरेख असतं, पण स्वयंपाकघराची वाफ आणि वर पावसाळ्यातली दमट हवा यात फळ्या फुगतात, वाकतात. म्हणून ३५ मिमीचं भरीव फ्लश डोअर घेतलं. हँगरसकट वजन साधारण ४५ किलो. ते वजन भिंतीपासून थोडं बाहेर लटकतं, त्यामुळे बोल्ट नुसते खाली दाबले जात नाहीत, ते बाहेरही ओढले जातात.

आपल्याकडे खरा प्रश्न भिंतीचा आहे. दाराच्या वर आरसीसीचा लिंटेल असतो, तो चौकटीच्या दोन्ही अंगांना जेमतेम वीतभर पुढे जातो. त्यापलीकडे आमच्याकडे एएसी ब्लॉकची भिंत आहे. म्हणजे ट्रॅकचा अर्धा भाग काँक्रीटवर आणि अर्धा ठिसूळ ब्लॉकवर. त्यात स्वयंपाकघराचं दार दिवसभर उघडंच असतं, तेव्हा वजन बहुतेक वेळ ब्लॉकच्या बाजूलाच लटकतं. किटसोबत आलेले लोखंडी फास्टनर काँक्रीटमध्ये उत्तम धरतात. एएसीमध्ये ते आवळले की आजूबाजूचा ब्लॉक चुरतो, आणि बोल्ट हाताने फिरवावा तसा फिरायला लागतो.

इथे ट्रॅकच्या मागची हेडर फळी कामाला येते. ट्रॅकची भोकं कारखान्यात ठरलेली असतात, ती नेमकी ब्लॉकच्या सांध्यावर आली तरी आपण काही करू शकत नाही. फळी मात्र आपल्याला हवी तिथे भिंतीला धरता येते. आम्ही सागवानाची १५० मिमी रुंद आणि २५ मिमी जाड अखंड फळी घेतली, ट्रॅकपेक्षा थोडी लांब. लिंटेलच्या भागात फास्टनर मारले. ब्लॉकच्या भागात एएसीसाठी मिळणारे लांब नायलॉन प्लग वापरले, एक वर एक खाली असे नागमोडी, आणि संख्येने दुप्पट. ब्लॉकमध्ये भोक पाडताना ड्रिलचा हॅमर बंद ठेवायचा, नाहीतर भोक आतून मोठं होतं आणि प्लग सैल बसतो.

फळी भिंतीवर चढवण्याआधी सुतारदादांनी एक गोष्ट केली, जी मला फार आवडली. ट्रॅकच्या भोकांच्या मापाने फळीला आरपार भोकं पाडली, मागच्या बाजूने ८ मिमीचे बोल्ट वॉशरसकट आत घातले आणि त्यांची डोकी बसतील एवढ्या खाचा केल्या. समोर फक्त आटे बाहेर. त्यावर स्पेसर, मग ट्रॅक, मग नट. त्यामुळे ट्रॅक लाकडात घुसलेल्या स्क्रूच्या भरवशावर नाही, आणि उद्या काढायचा झाला तरी फळीला हात लावावा लागत नाही.

फळीच्या जाडीचं दुसरंही काम आहे. आमच्या किटच्या स्पेसरवर दाराची मागची बाजू आणि ट्रॅक बसतो तो पृष्ठभाग यांत फक्त ८ मिमी उरतात, आणि चौकटीची कव्हर पट्टी भिंतीपासून १८ मिमी पुढे आहे. ट्रॅक थेट भिंतीवर बसवला असता तर दार पट्टीवर अडलं असतं. २५ मिमीच्या फळीमुळे पट्टी आणि दार यांच्यात साधारण १५ मिमी मोकळे राहिले. म्हणून फळी घेण्याआधी पट्टी आणि स्कर्टिंग भिंतीपासून किती पुढे आहेत ते मोजा, जाडी त्यावरून ठरवा.

खालचा गाईड दिसायला चिमुकला असतो, पण तो नसेल तर दाराचा खालचा भाग झुलतो आणि प्रत्येक झोक्याला वरच्या बोल्टवर ताण येतो. दाराच्या खालच्या कडेला राऊटरने लांबभर खाच पाडली आणि तिच्यात बसणारा टी आकाराचा गाईड फरशीवर लावला. त्याची जागा एकच असते. दार पूर्ण बंद असो की पूर्ण उघडं, गाईड खाचेतच राहिला पाहिजे, म्हणजे तो चौकटीच्या उघडणाऱ्या बाजूला त्या ७५ मिमीच्या पट्ट्यातच यायला हवा. व्हिट्रिफाइड टाइलला भोक पाडायला डायमंड बिट लागतो, हॅमर न लावता आणि पाणी घालत. टाइल फोडायची नसेल तर स्कर्टिंगच्या वर भिंतीला लावायचे रोलरवाले गाईडही मिळतात.

दाराच्या वरच्या कडेवर किटमधल्या दोन गोल चकत्या बसतात. त्या सुतार हमखास विसरतो. दार बसल्यावर ते दोन्ही हातांनी वर उचलून बघा. चाक ट्रॅकवरून सुटण्याआधी चकती ट्रॅकच्या खालच्या कडेला टेकली पाहिजे. आमच्याकडे ही फट ३ मिमी आहे.

आता वापराबद्दल. जुलैत खाचेत गाईड घासायला लागला, दार खालून कुरकुरायचं. खाचेच्या आतलं लाकूड ओल धरून फुगलं होतं. गाईडवर आणि खाचेत मेणबत्ती घासल्यावर कुरकुर थांबली, आणि कोरड्या दिवसांत खाच आतून पॉलिश करून घेतली. वरची कड, खाच आणि बोल्टची भोकं आतून, सगळीकडे पॉलिश हवंच. दार मात्र अजिबात वाकलेलं नाही.

ट्रॅकच्या वरच्या कडेवर फोडणीचा चिकटा आणि धूळ यांचा थर बसतो. तो वाढला की चाक प्रत्येक फेऱ्याला टक् असा आवाज करतं. भांड्यांच्या साबणाच्या ओल्या फडक्याने पुसून लगेच कोरडं करतो. ट्रॅकवर तेल सोडू नका, धूळ आणखी चिकटते.

भिंत धरून आहे की नाही याची माझी तपासणी सोपी आहे. बसवल्यावर दार कुठेही सोडलं तरी जागचं हलत नव्हतं, पाणसळ तंतोतंत लागली होती. दार आपोआप उघड्या बाजूला जायला लागलं, तर त्या टोकाला फळी खाली बसली असं समजायचं. दुसरं, फळीच्या वरच्या कडेलगत रंगाला केसासारखी चीर दिसते का आणि तिथे कागद आत सरकतो का ते बघायचं. आजवर दोन्ही नाही. मे महिन्यात ट्रॅकचे नट एकदा थोडे आवळावे लागले, लाकूड दबल्याने, त्यानंतर नाही.

या दाराची मर्यादा म्हणजे ती मागची १५ मिमीची फट. मिरची परतली की ठसका हॉलमध्ये येतोच, मिक्सरचा आवाजही. मागून ब्रशवाली पट्टी लावली, तर वास कमी झाला, आवाज तसाच आहे. बाथरूमला किंवा बाळ झोपतं त्या खोलीला मी हे दार बसवणार नाही. आणि दार उघडल्यावर त्यामागे जाणारी भिंत आधी नीट बघा. आपल्या घरांत स्विचबोर्ड दाराला लागूनच असतो, तो झाकला जातो, शिवाय त्याच्यातून वर गेलेला वायरचा पाइप नेमका फळीच्या स्क्रूखाली येऊ शकतो. आम्ही त्यासाठी उघडण्याची बाजूच बदलली.