सात रात्रींची उलटी मोजणी: आठ महिने आणि चार भेटींनंतरचा अनुभव

आम्ही दोघं वेगवेगळ्या देशांत राहतो, घड्याळात चार तासांचा फरक आहे आणि भेट साधारण दोन महिन्यांनी होते. मधले आठवडे कसेतरी निघून जातात, पण भेटीआधीचा शेवटचा आठवडा काही केल्या सरत नाही. त्या आठवड्यासाठी मी एक तयार मेसेजमालिका घेतली होती. सात दिवस, दिवसाला तीन, एकूण २१ मेसेज, सगळे लाडिक आणि खट्याळ. आता तिच्यातलं मूळ फारसं काही उरलेलं नाही. काय टिकलं आणि काय फेकलं, ते सांगते.

पहिल्या वेळी मी मेसेज जसेच्या तसे पाठवले. दुसऱ्याच दिवशी "तुझ्या डोळ्यांच्या समुद्रात बुडायला आतुर" असं काहीसं गेलं. त्याचं उत्तर आलं, "चष्मा काढून ठेवू का?" तिसऱ्या दिवसापासून नुसते बदाम येऊ लागले. मालिका फसते आहे हे ओळखायची माझी खूण तेव्हापासून तीच आहे. उलट प्रश्न आला, किंवा कालचा शब्द त्याने आज उचलला, तर मेसेज पोचला. नुसता बदाम आला, तर त्याने तो वाचून बाजूला ठेवला.

मग दिवसाला तीनऐवजी एकच मेसेज ठेवला, तोही त्याच्या झोपायच्या वेळी. दिवस मोजणंही सोडून दिलं. माझ्याकडे मध्यरात्र उलटली की मी "तीन दिवस" लिहायचे, तेव्हा त्याच्याकडे रात्रीचे आठ वाजलेले असायचे आणि त्याच्या हिशेबात चार दिवस उरलेले असायचे. दर वेळी त्यावर वाद. आता आम्ही रात्री मोजतो: तो एकटा झोपणार अशा किती रात्री उरल्या? त्यात तारखेचा घोळ होत नाही, आणि खरं सांगायचं तर नुसता आकडासुद्धा जरा चावट वाटायला लागतो.

तिसऱ्या भेटीआधीचा आठवडा सगळ्यात चांगला जमला, म्हणून तोच सविस्तर सांगते.

पहिला मेसेज होता, "सात. डावीकडची उशी मोकळी करायला लाग. ती माझी आहे." तो म्हणाला, "तुझी कशी? विकत मी घेतली." सुरुवात एवढीच हवी, हलकी आणि भांडणाला जागा ठेवणारी. दुसऱ्या रात्री लिहिलं, "सहा. मागच्या वेळी बॅग घ्यायच्या निमित्ताने तू माझा हात धरलास. बॅग रिकामी होती, हे तुलाही माहीत होतं." त्यावर "टाइप करत आहे" हे चार वेळा दिसलं आणि गायब झालं. शेवटी आलं, "हो." त्या एका शब्दावर मी दोन दिवस काढले. तयार संचातल्या २१ मेसेजना हे का जमत नव्हतं ते तेव्हा कळलं. त्यात रिकामी बॅग नव्हती, आणि ती असणं शक्यही नव्हतं.

तिसऱ्या रात्री प्रश्न टाकला, "भेटल्यावर पहिल्या दहा मिनिटांत काय करशील? 'मिठी' हे उत्तर बाद." हा मेसेज मी पुढच्या वेळीही वापरला आणि त्याचं उत्तर वेगळं आलं.

चौथी रात्र मात्र खड्डा आहे. पहिली गंमत ओसरलेली असते, भेट अजून हाताशी आलेली नसते आणि सुट्टीआधी उरकायची कामं नेमकी तेव्हाच दोघांच्या मानगुटीवर बसलेली असतात. पहिल्या दोन्ही खेपांना त्या रात्री मी ओढूनताणून खट्याळ लिहिलं आणि ते पडलं. या वेळी चौदा सेकंदांचा आवाज रेकॉर्ड करून पाठवला, "चार. आज काही सुचत नाहीये. तुझी आठवण येतेय, बस." त्याने लगेच फोन केला. चौथ्या रात्रीचा खट्याळ मेसेज मी तेव्हापासून लिहिलेला नाही.

मग पुन्हा चढ सुरू झाला. "तीन. काय घालणार ते ठरवलंय, सांगणार नाही. पाठीमागे बटणं आहेत, आणि माझा हात पोचत नाही." दुसऱ्या दिवशी त्याने दुपारीच विचारलं, "बटणं किती?" रात्री मी उत्तर दिलं, "दोन. म्हणजे रात्री दोन. बटणं नऊ." शेवटच्या रात्री फक्त एवढंच लिहिलं, "एक. झोप." भेट जवळ येईल तसा मेसेज छोटा करायचा, हे मला इथे सापडलं. तयार संचात नेमकं उलटं होतं, शेवटच्या दिवशी पानभर मजकूर. प्रवासाची बॅग भरणाऱ्या माणसाला तो वाचायला सवड कुठली?

आता तक्रारी. त्यातल्या निम्म्या माझ्याच चुका आहेत.

दुसऱ्या भेटीआधी मी फार पुढचं लिहीत गेले, पहिल्या रात्री हे आणि पहिल्या रात्री ते. तो प्रवासाने पार थकून आला आणि बूट काढता काढता झोपला. मी रुसले. त्याने सकाळी शांतपणे सांगितलं की विमानात बसल्यापासून त्याला परीक्षेला निघाल्यासारखं वाटत होतं. तेव्हापासून मेसेजमध्ये पहिल्या रात्रीचं आश्वासन नाही. उशी, बॅग, बटणं असल्या बारीक गोष्टीच असतात. त्या दमलेल्या माणसालाही झेपतात.

चौथ्या वेळी आळस नडला. टेलिग्रामवर मेसेज आधीच वेळ लावून ठेवता येतो, म्हणून मी माझे सगळे लावून टाकले. शेवटच्या दिवशी त्याचं विमान रद्द झालं, दोन दिवसांनंतरचं तिकीट मिळालं आणि गोंधळात मी उरलेला मेसेज काढायला विसरले. तो विमानतळावर रांगेत उभा असताना ठरल्या वेळी "एक. झोप." जाऊन पोचला. खट्याळपणाची इतकी थट्टा मी कधी पाहिली नव्हती. पुन्हा तीनपासून मोजायचा प्रयत्न केला, पण एकदा "एक" म्हटल्यावर "तीन" म्हणताना रडूच येतं. शेवटी "मोजणी बंद. तू ये." एवढंच लिहिलं. आता मेसेज कच्चे लिहून ठेवते, पण पाठवते त्या त्या रात्रीच.

आणखी एक, त्याने आवर्जून लिहायला सांगितलंय. "बटणं नऊ" हा मेसेज त्याच्या लॅपटॉपच्या कोपऱ्यात उघडला, तेव्हा तो ऑफिसच्या मीटिंगमध्ये स्क्रीन शेअर करत होता. त्या दिवशी त्याला रात्रपाळी होती, हे मी विसरले होते. मालिका सुरू करण्याआधी दोघांच्याही फोनवर आणि लॅपटॉपवर मेसेजचा मजकूर नोटिफिकेशनमध्ये दिसणं बंद करा. व्हॉट्सॲपवर आपोआप नाहीसे होणारे मेसेज लावणार असाल तर मुदत बघून लावा. २४ तास, ७ दिवस आणि ९० दिवस असे पर्याय आहेत. आम्ही एकदा ७ दिवस ठेवले. तो दारात उभा होता त्याच रात्री उशीवरचं भांडण पुसलं गेलं, आणि पुरावा दाखवायला माझ्याकडे काही उरलं नाही.

चौथ्या वेळेपासून सम रात्री तो लिहितो आणि विषम मी. त्याचं लिखाण माझ्यापेक्षा कच्चं आहे, पण वाट पाहण्याची मजा पहिल्यांदा मला मिळाली.

पुढच्या भेटीला एकोणीस रात्री आहेत, म्हणजे मोजणी सुरू व्हायला अजून बारा. काल नियम मोडून त्याचा मेसेज आला, "नववं बटण सापडलं. माझ्या बॅगेत होतं."