पत्र्याच्या शेडसाठी ग्लासवूल की पफ पॅनेल? दबलेल्या आणि भिजलेल्या मालाचा हिशोब

गोव्यात वेर्णा, कुंडई, थिवी, कुठेही नवी शेड उभी राहताना छपराचं काम येतं एप्रिल-मेमध्ये, आणि जूनचा पहिला आठवडा संपता संपता मृग दारात असतो. मालक विचारतो, पर्लिनवर, म्हणजे पत्रा पेलणाऱ्या आडव्या लोखंडी पट्ट्यांवर, ग्लासवूल अंथरून वरून पत्रा मारायचा की थेट पफचे, म्हणजे दोन पत्र्यांमध्ये पॉलियुरेथेन फोम भरलेले, सँडविच पॅनेल बसवायचे? कोटेशनमध्ये ग्लासवूल बहुतेक वेळा स्वस्त पडतं आणि तिथेच निर्णय होतो. पण कोटेशनमधला आर-व्हॅल्यूचा, म्हणजे थर उष्णता किती अडवतो त्याचा, आकडा कोरड्या, पूर्ण फुललेल्या मालाचा असतो. छपरावर गेल्यावर त्यातलं किती उरतं, हे बघून निवड करावी.

पुढचे सगळे आकडे मेट्रिक आहेत. पॅकवर अमेरिकन आकडा छापलेला असेल तर त्याला ५.६८ ने भागा, म्हणजे तुलना जुळेल.

घनमीटरला २४ किलो घनतेचं ५० मिमी ग्लासवूल धरू. त्याची आर-व्हॅल्यू साधारण १.४. उष्णता अडवण्याचं मुख्य काम काच करत नाही, तंतूंमध्ये अडकलेली स्थिर हवा करते. ५० मिमीचा थर दाबून ३० मिमी केला तर तंतू जवळ येतात आणि दर मिलिमीटरमागे तो किंचित चांगलाच अडवतो. यावरून काही फिटर म्हणतात की दाबलं तर उलट फायदा. पण ती वाढ अगदी थोडी असते आणि जाडी मात्र चाळीस टक्के गेलेली असते. आर-व्हॅल्यू ०.९ वर येते.

आता हे छपरावर बघू. पर्लिन १.२ मीटर अंतरावर, वरची पट्टी ६० मिमी रुंद. स्क्रू आवळला की पर्लिनवर ग्लासवूल चेपून जेमतेम ५ मिमी उरतं. दोन्ही बाजूंना दीडदीडशे मिमीपर्यंत ते उतरतं असतं, सरासरी ३० मिमी धरू. उरलेल्या ८४० मिमीतच पूर्ण जाडी मिळते. पृष्ठभागाचा रोध धरून तिन्ही पट्ट्यांतून जाणाऱ्या उष्णतेची बेरीज केली, तर अख्ख्या छपराची आर-व्हॅल्यू १.४ न राहता १.०५ च्या आसपास येते. माल कोरडा, काम व्यवस्थित, तरी पाव भाग गेला. पर्लिनवर ग्लासवूल आणि पत्रा यांच्यामध्ये एक्सपीएस या कडक फोमची २५ मिमी पट्टी टाकली आणि तेवढे लांब स्क्रू वापरले, तर हाच आकडा १.३ पर्यंत परत येतो. ग्लासवूल घ्यायचं ठरलं तर ही पट्टी कोटेशनमध्ये लिहून घ्या. काम सुरू झाल्यावर ती कोणी आणत नाही.

५० मिमी पफ पॅनेलची आर-व्हॅल्यू साधारण २.१. फोम कडक असल्यामुळे पर्लिनवर दबत नाही, त्यामुळे दबण्याचा तोटा इथे जवळपास नाहीच. तोटा होतो तो सांध्यांत, जिथे दोन पॅनेलच्या कडा नीट एकमेकांत बसलेल्या नसतात.

पण गोव्यात खरा फरक पाडतो तो ओलावा. पाणी स्थिर हवेपेक्षा तेवीसएक पट सहज उष्णता वाहून नेतं. शिवाय तंतूंमध्ये अडकलेलं पाणी दिवसा गरम पत्र्याकडून वाफ होऊन खालच्या थंड बाजूला जातं आणि तिथे पुन्हा पाणी होतं, म्हणजे उष्णता सोबत घेऊनच उतरतं. म्हणून थोडंसं पाणीही महागात पडतं. ५० मिमी जाडीच्या एका चौरस मीटरमध्ये आकारमानाच्या एक टक्का पाणी म्हणजे अर्धा लिटर. हात लावून ते कळेलच असं नाही, वजनावरून कळतं. ५० बाय ५० सेंटिमीटरचा कोरडा तुकडा फॉइल सोडून ३०० ग्रॅम भरतो. तोच ४२५ ग्रॅम भरला की समजा एक टक्का पाणी आत आहे. नव्या पॅकमधला असाच एक तुकडा आधी वजन करून ठेवा, म्हणजे फॉइलचं वजन आपोआप हिशोबात येतं.

साइटवर रोल भिजला की कोणीतरी म्हणतोच, "पात्रांव, सुकतलें." मार्चमध्ये कदाचित सुकेल. जुलैच्या दमट हवेत, एका बाजूला फॉइल असलेला रोल सुकत नाही. आणि वरून सुकला तरी तंतू जोडणारा चिकट पदार्थ पाण्याने कमजोर झालेला असतो. थर एकदा बसला की पुन्हा ५० मिमी होत नाही. असा माल छपरावर चढवला तर आर-व्हॅल्यू जातेच, वर ओली लोकर पत्र्याच्या पोटाला चिकटून राहते आणि खाऱ्या हवेच्या पट्ट्यात पत्रा आतून गंजतो. भिजलेला रोल बाजूला काढा आणि परत पाठवा, यात तडजोड नको.

पफचा फोम बंद पेशींचा असल्याने पावसाने तसा भिजत नाही. पाणी शिरतं ते कापलेल्या उघड्या कडेतून आणि चुकून पाडलेल्या भोकातून. ते त्याच दिवशी सीलंटने बंद करा. त्याचं साइटवरचं दुखणं वेगळंच आहे. एकावर एक रचलेल्या पॅनेलच्या मध्ये पाणी साचलं की पत्र्यावर पांढरा गंज धरतो. म्हणून गठ्ठा जमिनीपासून उचलून, एका बाजूला थोडा उतार देऊन ठेवा आणि ताडपत्रीखालून वारा खेळू द्या. वरची संरक्षक फिल्म उन्हात फार दिवस राहिली तर भाजून चिकटते, मग ती निघता निघत नाही.

ग्लासवूलचे रोल बंद गोडाऊनमध्ये, पॅलेटवर उभे ठेवा. आडवे थर रचले की खालचे रोल चेपतात. त्यावर सिमेंटच्या गोणी किंवा पत्रे ठेवू नका, माणसं बसवू नका. कंपनीने दाबून पॅक केलेला रोल उघडल्यावर फुगायला वेळ द्या, मग सुई टोचून पाचसहा ठिकाणी जाडी मोजा. महिनोन्महिने पडून राहिलेला रोल पूर्ण फुलत नाही. जितका पत्रा त्या दिवशी बसणार तितकेच रोल वर न्या. ग्लासवूल पेलणारी खालची जाळी फार ताणू नका, नाहीतर दोन पर्लिनच्या मध्येही थर चेपतो. फॉइलचे सांधे टेपने बंद करा; पाऊस सरल्यावरच्या निरभ्र रात्री पत्रा गार पडतो आणि शेडमधली दमट हवा वर पोचली तर पत्र्याच्या पोटाशी दव धरून लोकरीत टपकतं.

तर कोणी काय घ्यावं? पत्रा मे महिन्यातच बंद होणार असेल, गोडाऊन कोरडं असेल आणि फिटर पट्टी टाकायला तयार असेल, तर ग्लासवूल घ्या. पावसाचा पत्र्यावरचा आवाज ते छान शोषतं आणि जळत नाही. वेल्डिंग, भट्टी किंवा ज्वलनशील माल असलेल्या शेडला मी तरी पफ सुचवणार नाही. पॅनेलच हवं असेल तर रॉकवूलच्या गाभ्याचं बघा, मात्र त्याचं पाण्याशी वागणं लोकरीसारखंच असतं. काम जूनच्या पुढे सरकणार असं दिसत असेल, किंवा आत एसी लागणार असेल, तर पफ पॅनेलचे जास्तीचे पैसे मोजा. आणि ग्लासवूलच ठरलं असून पाऊस आधी आला, तर फक्त पत्रा मारून घ्या आणि पावसाळा गेल्यावर खालून जाळी बांधून लोकर बसवा. पर्लिनवर चेपण्याचा प्रश्नही तिथे राहत नाही.