रेझ्युमेत ‘एक्स्पर्ट’ लिहू की जेवढं येतं तेवढंच?

भाचीपुढे दोन ओळी होत्या: ‘एसक्यूएल एक्स्पर्ट’ किंवा ‘एसक्यूएल: जॉइन, ग्रुप बाय रोज वापरते; विंडो फंक्शन शिकतेय’.

चाळणीत शोधला जाणारा ‘एसक्यूएल’ हा शब्द दोन्हींत आहे. फरक पडतो मुलाखतीत. ‘एक्स्पर्ट’ला विचारतील: ग्राहकांना ऑर्डर्स `LEFT JOIN` केल्या, मग `WHERE o.amount > 500` लावलं, ऑर्डर नसलेले ग्राहक कुठे गेले? त्यांच्या ओळीत `NULL` असतं, अट खरी ठरत नाही, ओळ गळते. अट `ON` मध्ये हवी. इथे अडखळलं की बाकीच्या दाव्यांवरही शंका येते. दुसऱ्या ओळीवर बहुतेक प्रश्न रोजच्या कामातलेच येतात. फक्त ती ओळ अधूनमधून सुधारावी लागते.

संथ क्वेरीचा प्लॅन वाचून ती सुधारणाऱ्यांनी ‘एक्स्पर्ट’ खुशाल लिहावं. वर्षभराच्या अनुभवाला दुसरी ओळच योग्य; एक्सेलसाठीही ‘अॅडव्हान्स्ड’ऐवजी ‘पिव्होट टेबल, `XLOOKUP`’ लिहावं.