हातच्याची बेरीज: तयार गठ्ठा की मुलांनी बांधलेला?

२७ + १५ घ्या. मुंबईतल्या दाटीच्या वर्गात बाकावर दहा-दहा काड्यांचे दोन गठ्ठे नि सात सुट्या काड्या, त्यांच्या खाली एक गठ्ठा नि पाच सुट्या. सुट्या झाल्या बारा.

पहिल्या पद्धतीत मूल दहा काड्या डब्यात टाकून तयार गठ्ठा उचलतं. झटपट होतं, रबरं तुटत नाहीत. पण काही मुलांना ती नुसती अदलाबदल वाटते; दहा काड्या 'गेल्या' असं समजून ती गठ्ठा घ्यायचाच विसरतात आणि ३२ लिहितात.

दुसऱ्या पद्धतीत मूल त्याच दहा काड्या मोजून रबर लावतं आणि गठ्ठा दशकाच्या घरात सरकवतं. वेळ जवळपास दुप्पट जातो, नऊ किंवा अकरा काड्यांचे गठ्ठेही निघतात. तरी सुरुवातीला हीच बरी, कारण हातचा कुठून आला ते डोळ्यांसमोर घडतं. सराव झाला की तयार गठ्ठे चालतील.

वहीत ३१२ दिसलं, तर बारा सुट्या न बांधताच एककाखाली उतरवल्यात. ५१ आलं, तर एक खाली लिहून दोन हातचा धरलाय. तेव्हा विचारा, "सुट्या किती उरल्या?"