चार बिंदू एकाच वर्तुळावर आहेत का: समीकरण की क्रॉस रेशो?

a=0, b=6, c=4+4i, d=2i घ्या. वर्तुळाचं समीकरण वापरलं तर पहिल्या तीन बिंदूंवरून x²+y²−6x−2y=0 मिळतं, d म्हणजे (0,2) टाकला की 4−4=0, झालं, वर केंद्र (3,1) पण फुकट मिळतं. पण तिन्ही बिंदू एका रेषेत असले तर वर्तुळच मिळत नाही, मग वेगळी केस.

क्रॉस रेशोला ती अडचण नाही, (a−c)(b−d) भागिले (a−d)(b−c) काढायचं, इथे वर −32−16i, खाली −8−4i, उत्तर 4, रिअल! हे चालतं कारण उत्तराचा कोन म्हणजे c आणि d पासून ab कडे बघताना दिसणाऱ्या कोनांमधला फरक, तो 0 किंवा 180° आला की रिअल, त्यामुळे c, d एकाच बाजूला की विरुद्ध ही कटकटच नाही.

फक्त रिअल आलं म्हणजे वर्तुळच असं नाही, रेषाही असू शकते. (c−a)/(b−a) बघा, इथे (4+4i)/6 रिअल नाही, म्हणून वर्तुळ. आणि चारही बिंदू वेगळे हवेत, a=b असेल तर उत्तर उगाच 1 येतं. मला तरी केंद्र नको असेल तेव्हा क्रॉस रेशोच बरा वाटतो.