जुनी आर्टिकल्स दाखवून मला शेअर विकले

सांगलीच्या मार्केट यार्डात माझी हळदीची अडत आहे. कुपवाड एमआयडीसीतल्या एका मसाला कंपनीला मी बरीच वर्षं माल देत होतो. प्रायव्हेट लिमिटेड, तीन भागीदार. त्यातला ज्यानं कंपनी उभी केली तो एक दिवस दुकानात येऊन बसला आणि म्हणाला, "दादा, मला बाहेर पडायचंय. माझे तीन हजार शेअर तुम्हीच घ्या. परक्याला देण्यापेक्षा तुम्ही घरचे." भाव ठरला सहाशे रुपये, म्हणजे अठरा लाख.

मी कागद मागितले. त्यानं शेअर सर्टिफिकेट, ताळेबंद आणि आर्टिकल्स ऑफ असोसिएशनची, म्हणजे कंपनीच्या अंतर्गत नियमावलीची, प्रत आणून दिली. प्रत कंपनी सुरू झाली तेव्हाची, २०१५ ची होती. त्यात एकच ओळ होती, की ही खासगी कंपनी असल्यानं शेअर हस्तांतरणाच्या हक्कावर निर्बंध आहे. मी विचारलं, तर त्यानं व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून पाठवलं: "हीच चालू आर्टिकल्स आहेत दादा, ती ओळ सगळ्याच कंपन्यांत असते." ओळ सगळीकडे असते हे खरं आहे, कायद्यानंच ती खासगी कंपनीत लागते. पण ती चालू आर्टिकल्स नव्हती.

फेब्रुवारीत एसएच-४ या शेअर हस्तांतरणाच्या फॉर्मवर दोघांच्या सह्या झाल्या. मुद्रांक २७० रुपये, ०.०१५ टक्क्यानं. सगळी रक्कम मी त्याच दिवशी आरटीजीएस केली. नंतर एसएच-४ आणि सर्टिफिकेट कंपनीत जमा केलं. सही झाल्यापासून साठ दिवसांत ते जमा करावं लागतं, ते मी वेळेत केलं होतं.

तीन आठवड्यांनी कंपनीचं पत्र आलं. संचालक मंडळानं नोंदणी नाकारली होती. कारण दिलं होतं आर्टिकल्सच्या एका कलमाचं: सभासदाला शेअर विकायचे असतील तर त्यानं आधी संचालक मंडळाला लेखी कळवायचं, मंडळानं ते इतर सभासदांना तीस दिवसांसाठी देऊ करायचे, किंमत ऑडिटरनं ठरवायची, आणि त्यांनी घेतले नाहीत तरच बाहेरच्याला विकायचे. माझ्या प्रतीत असं कलमच नव्हतं.

माझ्या सीएनं कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या एमसीए पोर्टलवर View Public Documents मध्ये शंभर रुपये भरून कंपनीचे कागद उघडले. जुन्या आर्टिकल्सच्या खाली २०१९ चा MGT-14, म्हणजे कंपनीचे ठराव सरकारकडे नोंदवायचा फॉर्म, होता, आणि त्याला जोडलेल्या विशेष ठरावानं हे कलम आर्टिकल्समध्ये घातलेलं होतं. ठरावाच्या सभेला हजर असलेल्यांत विकणाऱ्याचंही नाव होतं. ते पान वाचताना माझे हात थरथरत होते. त्याला सगळं माहीत होतं.

नोंदणी नाकारल्याचं पत्र मिळाल्यापासून तीस दिवसांत मुंबईच्या एनसीएलटीत, म्हणजे राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणात, अपील करता येतं. वकिलांनी स्पष्ट सांगितलं की अपील टिकणं अवघड आहे. निर्बंध भागीदारांच्या आपसातल्या करारात असता तर गोष्ट वेगळी होती. आर्टिकल्समध्ये नसलेला निर्बंध कंपनीवर बंधनकारक नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं रंगराज खटल्यात म्हटलं आहे. इथं मात्र तो आर्टिकल्समध्येच आहे, आणि नकार तीस दिवसांच्या आत कळवला आहे. कंपनीनं काही चुकीचं केलेलं नाही. तिथल्या दोघा भागीदारांवर माझा राग नाही; ते ऑडिटरच्या भावानं, म्हणजे ३४० रुपयांनी, शेअर घ्यायला तयार आहेत. म्हणजे दहा लाख वीस हजार. माझे बाकीचे पैसे विकणाऱ्याच्या खिशात आहेत.

म्हणून मी त्याच्यावर सांगलीच्या दिवाणी न्यायालयात दावा केला आहे: व्यवहार रद्द करा, अठरा लाख परत द्या. त्याचा बचाव मला सगळ्यात जास्त लागतो. तो म्हणतो, कागद पोर्टलवर सगळ्यांसाठी खुला होता, थोडी काळजी घेतली असती तर दादांना कळलं असतं. करार कायद्याच्या कलम १९ मध्ये असा अपवाद खरोखरच आहे. नुसतं गप्प राहून केलेली फसवणूक असेल, तर साध्या दक्षतेनं सत्य शोधता येणाऱ्याला करार रद्द करता येत नाही. म्हणूनच तो व्हॉट्सअ‍ॅप मेसेज आमच्यासाठी सगळ्यात मोठा आहे. तो गप्प राहिला नव्हता, त्यानं लेखी खोटं सांगितलं होतं.

तुमच्यातल्या कुणाला असे शेअर घ्यायचे असतील, तर विकणाऱ्यानं दिलेल्या प्रतीवर जाऊ नका. पोर्टलवरचे सुरुवातीपासूनचे सगळे MGT-14 उघडून बघा. आर्टिकल्समध्ये असं कलम सापडलं, तर इतर सभासदांनी आपला हक्क सोडल्याची लेखी पत्रं आणि संचालक मंडळाचा ठराव आधी मागा. आणि पैसे कंपनीच्या सभासद नोंदवहीत तुमचं नाव चढल्यावरच द्या, किंवा तोवर दोघांच्या संमतीच्या एस्क्रो खात्यात ठेवा. मी सहीच्या दिवशीच पूर्ण रक्कम दिली. सभासद नोंदवहीत आजही त्याचंच नाव आहे.