डॅशकॅमचे कार्ड: साधे २५६ जीबी की टिकाऊ १२८ जीबी?

माझ्या गाडीत पुढे आणि मागे असे दोन कॅमेरे आहेत आणि चिंचवड ते हिंजवडी जाऊन-येऊन ती रोज सुमारे दोन तास चालते. जुने कार्ड बदलताना माझ्यापुढे दोन पर्याय होते. एक साधे २५६ जीबीचे, तर दुसरे वेष्टनावर ‘हाय एन्ड्युरन्स’ असे छापलेले १२८ जीबीचे.

पहिला हिशेब जागेचा. दोन्ही कॅमेऱ्यांचे मिळून चित्रीकरण सेकंदाला २४ मेगाबिट, म्हणजे ३ मेगाबाइट या दराने होते, असे धरले तर तासाला १०.८ जीबी लागतात. वेगाचा निकष येथे गौण ठरतो, कारण U3 खूण असलेले कार्ड सेकंदाला किमान ३० मेगाबाइट लिहू शकते. १२८ जीबीत सुमारे पावणेबारा तास मावतात आणि २५६ जीबीत त्याच्या दुप्पट. कार्ड भरले की लूप पद्धतीने सर्वांत जुनी फाइल पुसून नवी लिहिली जाते.

खरा फरक पडतो तो पार्किंग मोडमुळे. फक्त रोजच्या दोन तासांपुरते पाहिले, तर २५६ जीबीचे कार्ड वर्षातून तीसेक वेळाच पूर्ण लिहिले जाते आणि तेवढे काम चांगल्या कंपनीचे साधे कार्डही निमूटपणे करते. गाडी उभी असतानाचे दहा तासही त्याच दराने टिपायचे असतील, तर मात्र दिवसाला १३० जीबी लिहिले जातात आणि तेच कार्ड दर दोन दिवसांनी नव्याने भरते. अशा अखंड पुनर्लेखनासाठीच टिकाऊ कार्डे बनवलेली असतात. साध्या कार्डांच्या हमीतून काही कंपन्या असा वापर स्पष्टपणे वगळतात, म्हणून खरेदीपूर्वी हमीतील तेवढी ओळ वाचावी. पार्किंग मोड वापरणाऱ्याने १२८ जीबीचे टिकाऊ कार्ड घ्यावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

कार्ड थकल्याची एक खूण लक्षात ठेवण्याजोगी आहे. फॉरमॅट यशस्वी झाल्याचा संदेश येतो, पण कार्ड काढून पुन्हा घातले की जुन्या फाइली जशाच्या तशा दिसतात. असे कार्ड केवळ वाचण्यापुरते उरलेले असते आणि त्यावर नवे काहीही लिहिले जात नाही.

धक्का जाणवला की कॅमेरा ती फाइल लॉक करतो, म्हणजे लूपमध्ये पुसली जाऊ नये म्हणून वेगळी राखतो. या घटना-लॉकच्या बाबतीत मी स्वतः फसलो. एका सोमवारी संध्याकाळी सिग्नलला मागच्या गाडीने बंपरला हलकेच धक्का दिला. ओरखडा मला बुधवारी रात्री दिसला आणि गुरुवारी संध्याकाळी घरी आल्यावर मी कार्ड तपासले. लॉक झालेल्या ४१ फाइलींपैकी बहुतेकींत सोसायटीच्या फाटकाजवळचा गतिरोधक होता, तो धक्का मात्र एकीतही नव्हता. तेव्हाचे कार्ड ६४ जीबीचे होते आणि त्यातील सुमारे ३० टक्के जागा लॉक फाइलींसाठी राखीव होती. उरलेल्या जागेत जेमतेम चार तास, म्हणजे दोन दिवसांचे चित्रीकरण राहत असे, त्यामुळे सोमवारची फाइल केव्हाच पुसली गेली होती.

येथे तुलना धक्का ओळखणाऱ्या जी-सेन्सरच्या दोन टोकांची आहे. संवेदनशीलता जास्त ठेवली तर प्रत्येक खड्डा लॉक होतो, राखीव जागा भरते आणि पुढे काही कॅमेरे जुन्या लॉक फाइलीही पुसतात, तर काही नवी घटना लॉक करणेच थांबवतात. संवेदनशीलता कमी ठेवली तर किरकोळ धक्के निसटतात. मी ती कमी ठेवली आहे आणि काही घडले की लॉकचे बटण हाताने दाबतो. फाइलीची लांबीही तीन मिनिटांवरून एक मिनिटावर आणली, त्यामुळे एक लॉक ५४० ऐवजी १८० मेगाबाइट अडवतो. घटना दोन फाइलींच्या सांध्यावर घडली असेल, तर मात्र आधीची फाइलही जपावी लागते.

प्रत घेताना मोबाइल ॲप सोयीचे असले, तरी काही ॲप मूळ फाइलीऐवजी कमी दर्जाची आवृत्ती उतरवतात आणि व्हॉट्सॲपवर व्हिडिओ म्हणून पाठवले की ती आणखी दाबली जाते. त्यापेक्षा कॅमेरा बंद करून कार्ड काढावे, कार्ड रीडरने मूळ फाइल संगणकावर उतरवावी, ती कापू नये आणि दुसरी प्रत वेगळ्या ड्राइव्हवर ठेवावी. विंडोजमध्ये तिचा हॅश, म्हणजे फाइलीच्या आशयावरून निघणारा तिचा ओळख-क्रमांक, असा मिळतो:

```
certutil -hashfile EVT_0412.MP4 SHA256
```

कार्डावरील फाइलीचा आणि दोन्ही प्रतींचा हॅश जुळला, तर प्रत बिनचूक आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ नुसार इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत जे प्रमाणपत्र द्यावे लागते, त्याच्या नमुन्यात हॅशसाठी जागा आहे. म्हणून तो त्याच दिवशी, तारखेसह नोंदवून ठेवावा. प्रकरण गंभीर असेल तर मूळ कार्डच बाजूला काढून ठेवावे आणि कॅमेऱ्यात दुसरे घालावे.